तिसरा कोण येणार होता?

यहुद्यांच्या सभास्थानात आजही शनिवारी सकाळी तोरा वाचण्यासाठी माणसं पुढे बोलावली जातात, तेव्हा क्रम ठरलेला असतो. पहिला मान कोहेनचा, म्हणजे याजकांच्या कुळातल्या माणसाचा. दुसरा लेवीचा, म्हणजे मंदिराच्या सेवेतल्या दुसऱ्या कुळाचा. तिसरा साध्या इस्राएलीचा, म्हणजे उरलेल्या सगळ्या समाजाचा. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात हा क्रम नोंदलेला आहे, आणि समाजाची ही तिहेरी विभागणी तर त्याहून कितीतरी जुनी. एज्रा आणि नहेम्या यांच्या ग्रंथांत याजक, लेवी आणि लोक हे तिघं पुन्हा पुन्हा याच ओळीनं येतात. पहिल्या शतकातल्या गालीलात किंवा यहुदीयात कुणी एकापाठोपाठ याजक आणि लेवी यांची नावं घेतली, की तिसरा शब्द ऐकणाऱ्याच्या ओठांवर आपोआप येत असणार.

येशूनं सांगितलेल्या एका दाखल्यात आधी याजक येतो, मग लेवी येतो, आणि तिसऱ्या जागी भलताच माणूस येऊन उभा राहतो. हा दाखला लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत तो नाही. मराठी ख्रिस्ती घरांत तो 'चांगला शोमरोनी' म्हणून ओळखला जातो आणि इतरांना 'गुड समॅरिटन' म्हणून ठाऊक असतो. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागू नये म्हणून मोटार वाहन कायद्यात 2019 साली 134अ हे कलम घातलं गेलं, त्यातही संरक्षण मिळालेल्या माणसाचं नाव हेच आहे. दोन हजार वर्षांत हे नाव इतकं रुळलं की शोमरोनी म्हटल्यावर आपल्याला मदतीला धावणारा माणूसच आठवतो. ज्यांनी हा दाखला पहिल्यांदा ऐकला त्यांना मात्र शोमरोनी म्हटल्यावर काय आठवत होतं, हे समजून घेतल्याशिवाय या गोष्टीत नेमकं काय घडतं ते कळत नाही.

आणि त्याच्याही आधी, ही गोष्ट ज्या प्रश्नामुळे निघाली तो प्रश्न समजून घ्यायला हवा.

लूक सांगतो की एक शास्त्री उठून उभा राहिला. शास्त्री म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचा जाणकार; कोणती आज्ञा कुठे लागू होते, दोन आज्ञा एकमेकींच्या आड आल्या तर काय करायचं, याचा अभ्यास हेच त्याचं काम. येशूची परीक्षा पाहावी म्हणून त्यानं विचारलं की सार्वकालिक जीवन मिळावं यासाठी मी काय करू? पुष्कळ प्रवचनांत हा शास्त्री कपटी आणि खोडसाळ रंगवला जातो. मला ते पटत नाही. एका गुरूनं दुसऱ्या गुरूला प्रश्न घालून त्याचं पाणी जोखणं ही त्या परंपरेतली रोजची गोष्ट होती, आणि येशूनंही त्याला झिडकारलं नाही. त्यानं उलट त्यालाच विचारलं की नियमशास्त्रात काय लिहिलंय, तुझ्या वाचनात काय येतं?

शास्त्र्यानं दोन आज्ञा जोडून सांगितल्या. एक अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली, देवावर संपूर्ण अंतःकरणानं प्रीती करण्याची; प्रत्येक धार्मिक यहुदी सकाळ-संध्याकाळ म्हणतो त्या 'शमा' प्रार्थनेचाच ती भाग आहे. दुसरी लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातली, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची. मार्क आणि मत्तय यांच्याकडेही असाच एक संवाद आहे, पण तिथे या दोन आज्ञा एकत्र सांगतो तो येशू. लूककडे त्या सांगतो शास्त्री. म्हणजे उत्तर त्याला पाठ होतं, आणि ते बरोबरही होतं. येशूनं तसं सांगितलं आणि एवढंच म्हटलं की मग तसं कर.

इथे बोलणं संपू शकलं असतं. पण शास्त्र्यानं दुसरा प्रश्न विचारला: मग माझा शेजारी कोण?

आपली बाजू बरोबर आहे हे दाखवायची त्याला इच्छा होती, असं लूक म्हणतो. ते खरं असेलही, पण प्रश्न पोकळ नव्हता. आज्ञा पाळायची तर ती कुणाबाबत पाळायची हे ठरवावंच लागतं, आणि इथे शास्त्रातच ताण आहे. लेवीयमधल्या ज्या वचनात शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय, त्याच वचनाच्या पहिल्या अर्ध्यात आपल्या लोकांच्या मुलांवर सूड उगवू नये असं म्हटलंय. त्यावरून शेजारी म्हणजे आपल्या समाजातला माणूस असा अर्थ निघतो. पण त्याच अध्यायात थोडं पुढे, चौतिसाव्या वचनात, तुमच्या देशात येऊन राहिलेल्या परक्यावरही तशीच प्रीती करा असं सांगितलंय. मग जो धड आपल्यातला नाही आणि आश्रयाला आलेला परकाही नाही, त्याचं काय? मृत समुद्राच्या काठी कुमरान इथे सापडलेल्या गुंडाळ्यांत एका पंथाची नियमावली आहे. त्या पंथानं हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला होता: प्रकाशाच्या पुत्रांवर प्रीती करायची आणि अंधाराच्या पुत्रांचा द्वेष करायचा. पंथाच्या आतले ते प्रकाशाचे, बाहेरचे अंधाराचे. शास्त्र्याचा प्रश्न अशा वातावरणातून आलेला आहे. त्याला एक रेघ हवी होती. मी मध्ये उभा आहे, माझ्याभोवती वर्तुळ काढा. आत कोण येतात तेवढं सांगा, म्हणजे मी माझं कर्तव्य पुरं करीन.

येशूनं रेघ काढली नाही. त्यानं यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर एक माणूस धाडला.

हा रस्ता ऐकणाऱ्यांच्या पायाखालचा होता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. मधलं अंतर जेमतेम सत्तावीस किलोमीटर. एवढ्या अंतरात हजार मीटरचा उतार, दोन्हीकडे उजाड डोंगर, खोल घळी, वळणावळणांची वाट आणि सावलीला झाड नाही. या वाटेवरच्या एका चढणीला यहोशवाच्या ग्रंथात अदुम्मीम असं नाव आहे. हे नाव लाल रंगाशी जोडलेलं आहे. तिथली माती-दगड तांबूस आहेतच, पण चौथ्या-पाचव्या शतकातल्या जेरोमनं ते नाव लुटारूंनी सांडलेल्या रक्तावरून पडलं असा अर्थ लावला होता. सणाला यरुशलेमात जाणारे यात्रेकरू शक्यतो तांड्यानं जात. एकट्यानं या वाटेवर उतरणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नव्हतं.

तो माणूस लुटारूंच्या तावडीत सापडतो. ते त्याचे कपडे काढून घेतात, त्याला मारतात आणि अर्धमेला टाकून निघून जातात. या दोन तपशिलांकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. त्या काळी माणूस कुठला, कोणत्या समाजाचा, हे दुरून कळायचं ते कपड्यांवरून आणि जवळ गेल्यावर बोलीवरून. याच्या अंगावर कपडे नाहीत आणि तो बोलत नाही. शास्त्र्याला जी रेघ हवी होती ती काढण्याची दोन्ही साधनं गोष्टीनं आधीच काढून घेतली आहेत. वाटेवर पडलेला फक्त 'एक माणूस' आहे. तो यहुदी होता असं येशू कुठेही म्हणत नाही, जरी ऐकणाऱ्यांनी तो आपल्यातलाच धरला असणार.

पहिल्यांदा याजक येतो, बघतो आणि वाटेच्या पलीकडच्या बाजूनं निघून जातो. मग लेवी येतो, तोही तसंच करतो. का, ते येशू सांगत नाही. ही रिकामी जागा नंतरच्या लोकांनी भरली, आणि तिथे एक मोठी चूक रुजली. पुष्कळ ठिकाणी असं सांगितलं जातं की प्रेताला शिवलं तर विटाळ होतो, म्हणून याजक नियमाला घाबरून दूर राहिला. म्हणजे दोष यहुद्यांच्या कर्मठ धर्माचा आणि उत्तर येशूच्या दयेचं. तपशील तपासले की हे उभं राहत नाही.

जवळच्या नातलगांखेरीज प्रेताचा विटाळ होऊ द्यायचा नाही, हा नियम लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात आहे हे खरं. पण तो अहरोनाच्या वंशातल्या याजकांसाठी आहे, लेवींसाठी नाही. लेवीला ही सबब मुळात लागूच पडत नाही. दुसरं, याजक खाली उतरत होता. यरुशलेम मागे पडलं होतं, मंदिरातली सेवेची पाळी संपवून तो घराकडे निघाला असणार. पुढे सेवेला उभं राहायचंय म्हणून शुद्ध राहायला हवं, अशी घाई त्याला नव्हती. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माणूस जिवंत होता, आणि जीव वाचवण्यापुढे शब्बाथही बाजूला ठेवायचा ही यहुदी परंपरेतली ठाम शिकवण आहे. माणूस मेलेला असता तरी सुटका नव्हती. वाटेवर बेवारस प्रेत आढळलं तर महायाजकानंसुद्धा विटाळाचा विचार न करता त्याला मूठमाती द्यावी, असं मिश्ना सांगते. या दाखल्यावर लिहिणाऱ्या यहुदी अभ्यासक एमी-जिल लवीन यांनी हा मुद्दा आग्रहानं मांडला आहे आणि त्यांचं म्हणणं मला निर्णायक वाटतं: याजक आणि लेवी नियम पाळत नव्हते, नियम मोडत होते. ऐकणाऱ्यांना हे कळत होतं. त्यांनी त्या दोघांची बाजू घेतली असेल असं समजायचं कारण नाही.

मग ते का गेले? मार्टिन ल्यूथर किंग यांनी 3 एप्रिल 1968ला मेम्फिसमध्ये, आपल्या हत्येच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या भाषणात या रस्त्याचं वर्णन केलं होतं. पत्नीसह ते तिथून मोटारीनं गेले होते. त्यांना वाटलं की ती दोघं घाबरली असतील. लुटारू अजून जवळपास असतील, किंवा पडलेला माणूस हा सापळाच असेल. मी थांबलो तर माझं काय होईल, असा प्रश्न त्यांच्या मनात आला असेल. हे स्पष्टीकरण विटाळापेक्षा कितीतरी जास्त पटतं, कारण त्यासाठी धर्मात खोट शोधावी लागत नाही. ती वाट बघितलेल्या कुणालाही ते समजेल.

आता कथा ऐकणाऱ्याची तयारी झालेली असते. राजाच्या तीन मुलांच्या गोष्टीत थोरला आणि मधला हरले की धाकटा जिंकणार हे जसं लहान पोरालाही ठाऊक असतं, तसंच इथे. याजक चुकला, लेवी चुकला. आता साधा इस्राएली येईल, शेतकरी किंवा सुतार असेल, आणि बड्या धर्माधिकाऱ्यांना जे जमलं नाही ते करून दाखवील. तशी गोष्ट गालीलातल्या लोकांना फार आवडली असती. यरुशलेमच्या याजकघराण्यांबद्दल नाराजी होतीच. टाळ्यांची जागा तयार होती.

आणि तिसरा येतो तो शोमरोनी.

आपल्याकडे या जागी एक गैरसमज होऊ शकतो. शोमरोनी म्हणजे दीनदुबळा, समाजानं दूर लोटलेला, खालचा मानलेला माणूस, असं आपल्याला वाटतं आणि आपण मनात आपल्या ओळखीच्या विषमतेचं चित्र काढतो. पण हा शोमरोनी दुबळा नाही. त्याच्याकडे स्वारीचं जनावर आहे, तेल आहे, द्राक्षारस आहे, पैसे आहेत, आणि उतारशाळेचा मालक त्याच्या शब्दावर उधारी ठेवतो. ऐकणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध तुच्छतेचा नव्हता, वैराचा होता. आणि हे वैर दूरच्या परक्याशी नव्हतं, भाऊबंदकीतलं होतं.

शोमरोन हा मधला प्रदेश, उत्तरेला गालील आणि दक्षिणेला यहुदीया. इसवी सनपूर्व 722च्या सुमारास अश्शूरी साम्राज्यानं इस्राएलचं उत्तरेचं राज्य बुडवलं. पुढे काय झालं याच्या दोन हकिकती आहेत. यहुद्यांच्या बाजूची हकिकत 2 राजेच्या सतराव्या अध्यायात आहे: अश्शूरच्या राजानं तिथले लोक हद्दपार केले, बाबेल, कूथा वगैरे ठिकाणांहून परके लोक आणून वसवले, आणि ते यहोवालाही भजू लागले आणि आपापल्या देवांनाही. त्यामुळे यहुदी ग्रंथांत शोमरोन्यांना पुष्कळदा कूथी म्हणतात, म्हणजे त्यांची जातकुळीच परकी ठरवतात. शोमरोन्यांची स्वतःची हकिकत अगदी वेगळी आहे. आम्ही एफ्राईम आणि मनश्शे यांचे वंशज, आम्ही कुठे गेलोच नाही, नियमशास्त्र आम्ही राखलं, आणि वाट सोडली ती यरुशलेमवाल्यांनी, असं ते सांगतात.

भांडण जागेचं होतं. शोमरोन्यांचं पवित्र स्थान शखेमजवळचा गरिज्जीम डोंगर, यहुद्यांचं यरुशलेम. गरिज्जीमवरच्या उत्खननात इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या देवस्थानाचे अवशेष सापडले आहेत. ते देवस्थान यरुशलेमच्या योहान हिर्कानस या राज्यकर्त्यानं, जो स्वतः महायाजकही होता, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केलं. ही जखम एका बाजूची. दुसऱ्या बाजूची जखम योसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो. यहुदीयावर कोपोनियस नावाचा रोमी अधिकारी होता तेव्हा, म्हणजे इसवी सन 6 ते 9च्या दरम्यान, वल्हांडण सणात मध्यरात्री मंदिराचे दरवाजे उघडल्यावर काही शोमरोनी गुपचूप आत शिरले आणि त्यांनी आवारात माणसांची हाडं पसरली. मंदिर विटाळलं. योसेफसचा शोमरोन्यांवर राग होता हे ध्यानात ठेवलं तरी, येशूला ऐकणाऱ्यांपैकी प्रौढ माणसांनी ही बातमी तरुणपणी ऐकलेली असणार. पुढे इसवी सन 52च्या सुमारास यरुशलेमला निघालेल्या गालीली यात्रेकरूंवर शोमरोनच्या हद्दीवरच्या गावाजवळ हल्ला झाला, त्याचा सूड म्हणून शोमरोनी गावं जाळली गेली आणि प्रकरण रोमच्या सम्राटापर्यंत गेलं.

दोन समाजांमधलं हे नातं किती अवघड होतं, ते मिश्नात जवळून दिसतं. एकीकडे, तिघं एकत्र जेवले तर जेवणानंतरचा आशीर्वाद मिळून म्हणायचा असतो, त्या तिघांत शोमरोन्याला धरायला मिश्ना परवानगी देते. दुसरीकडे, शोमरोन्याची भाकर खाणं म्हणजे डुकराचं मांस खाण्यासारखं, असं एलिएजर नावाच्या रब्बीचं मत तिथेच नोंदलेलं आहे. एकाच ग्रंथात शोमरोनी पंगतीत चालतो आणि त्याची भाकर चालत नाही. परका असता तर प्रश्न सोपा होता. तो धड आतला नव्हता, धड बाहेरचा नव्हता. शास्त्र्याची रेघ जिथून जायला हवी होती, नेमका तिथेच तो उभा होता.

आणि आता मला या दाखल्यातली सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट. शोमरोनी मोशेची पाच पुस्तकं मानतात. संदेष्टे, स्तोत्रं, इतिहास, बाकी काही मानत नाहीत. पण ही पाच पुस्तकं त्यांचीही आहेत. गरिज्जीमचा उल्लेख असलेल्या जागी त्यांचा पाठ वेगळा आहे, मात्र अनुवादाचा सहावा अध्याय त्यांच्याकडे आहे आणि लेवीयचा एकोणिसावाही आहे. शास्त्र्यानं ज्या दोन आज्ञा घडाघडा म्हणून दाखवल्या, त्या या शोमरोन्यालाही पाठ असणार. नियमशास्त्राच्या बाहेरच्या भल्या माणसाची ही गोष्ट नाही. येशूनं रोमी शिपाई किंवा ग्रीक व्यापारी आणला असता तर ऐकणाऱ्यांनी म्हटलं असतं की वा, विदेश्यातही माणुसकी असते. त्यानं आणला तो त्याच शास्त्राचा दुसरा दावेदार. तुमची आज्ञा पाळली गेली, पण ती पाळली ज्यांना तुम्ही शास्त्र बिघडवणारे म्हणता त्यांच्यातल्या एकानं. हे गिळणं जास्त कठीण होतं.

त्यानं काय काय केलं ते येशू घाई न करता सांगतो. याजक आणि लेवी यांना प्रत्येकी एक वाक्य मिळतं. शोमरोन्याला कामांची मोठी मालिका. बघितल्यावर त्याला कळवळा आला. तो जवळ गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. द्राक्षारस जखम धुवायला, तेल आग शमवायला, हा तेव्हाचा नेहमीचा उपचार. पट्ट्या बांधल्या. स्वतःच्या जनावरावर त्याला बसवलं, म्हणजे त्या वाटेवर पुढे तो स्वतः पायी चालला. उतारशाळेत नेलं आणि रात्रभर त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा दोन दिवसांची कमाई. आणि वर सांगितलं की जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन.

हा शेवटचा भाग सहज वाचला जातो, पण त्यात मोठी जोखीम आहे. अंगावर कपडाही न उरलेला माणूस उतारशाळेचं बिल कसं भरणार होता? बरा होऊन उठला असता तो कर्जदार म्हणूनच. शोमरोन्यानं ते कर्ज आधीच स्वतःच्या नावावर घेतलं, आणि रक्कम न ठरवता घेतली. शिवाय यहुद्यांच्या वाटेवरच्या उतारशाळेत एक शोमरोनी रक्तबंबाळ माणूस घेऊन शिरतो, तेव्हा संशय आधी कुणावर येणार? तरी तो रात्रभर तिथे राहतो आणि परत येण्याचा शब्द देतो.

या वर्णनामागे एक जुना प्रसंग आहे, तो ओळखला की दाखल्याची धार आणखी जाणवते. 2 इतिहासाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात उत्तरेच्या राज्याचं सैन्य यहुदावर विजय मिळवून बायका-मुलांसह असंख्य कैदी शोमरोनला घेऊन येतं. ओदेद नावाचा संदेष्टा त्यांना आडवा येतो आणि म्हणतो की हे तुमचे भाऊबंद आहेत, त्यांना सोडा. एफ्राईमचे काही पुढारी त्याचं ऐकतात. ते कैद्यांपैकी उघड्यांना लुटीतले कपडे घालतात, जोडे देतात, खाऊ-पिऊ घालतात, अंगाला तेल लावतात, जे अशक्त आहेत त्यांना गाढवांवर बसवतात आणि सगळ्यांना यरीहोला पोचवतात. उघडं अंग, तेल, जनावर, यरीहो, आणि मदत करणारी शोमरोनची माणसं. प्रश्न विचारणारा शास्त्री होता. त्याच्या कानाला हा प्रतिध्वनी लागला नसेल असं वाटत नाही. शोमरोनची माणसं यहुदी माणसाशी भावासारखी वागली होती ही आठवण त्याच्या स्वतःच्या ग्रंथातच होती.

गोष्ट संपल्यावर येशू विचारतो की या तिघांपैकी लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याचा प्रश्न हा नव्हता. माझ्या प्रीतीवर कुणाचा हक्क आहे, हे त्याला हवं होतं. त्याच्या प्रश्नात तो स्वतः मध्यभागी होता आणि शेजारी समोर. येशूच्या प्रश्नात मध्यभागी जखमी माणूस आहे आणि तिथून शेजारी शोधायचा आहे. म्हणजे उत्तर देण्यासाठी शास्त्र्याला वाटेच्या कडेला पडलेल्या माणसाच्या जागी जाऊन पाहावं लागतं. त्या जागेवरून याजक दूर जाताना दिसतो, लेवी दूर जाताना दिसतो, आणि वाकून हात लावणारा शोमरोनी दिसतो. आपल्यातल्या दिलदार माणसानं एका शोमरोन्याला वाचवलं अशी गोष्ट असती, तर ऐकणारे आपल्याच मोठेपणावर खूश होऊन घरी गेले असते. इथे त्यांना शोमरोन्याचा हात धरावा लागतो, कारण दुसरा कुणी थांबलेला नाही.

शास्त्री उत्तर देतो की ज्यानं दया केली तो. 'शोमरोनी' हा शब्द तो उच्चारत नाही. कित्येक भाष्यकार यात त्याची अढी बघतात, आणि ती असेलही. पण त्याचं उत्तर चुकलेलं नाही, उलट नेमकं आहे: शेजारी कोण हे कुळावरून न सांगता त्यानं कृतीवरून सांगितलं. येशूनंही ते मान्य केलं आणि जाऊन तसंच करायला सांगितलं. शास्त्र्यानं पुढे काय केलं ते लूक सांगत नाही.

नंतरच्या शतकांत या दाखल्याचे रूपकात्मक अर्थ फार झाले. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनपासून पुढे कित्येकांनी वाचलं की पडलेला माणूस म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी. ऑगस्टीननं तर उतारशाळेच्या मालकाला प्रेषित पौल केलं. भक्तीच्या दृष्टीनं त्याचं मोल असेल, पण शोमरोनी ख्रिस्त झाला की तो शोमरोनी राहत नाही, आणि ऐकणाऱ्यांना बसलेला धक्का विरून जातो. शोमरोनी समाज आजही आहे, आठशे-नऊशे माणसांचा. अर्धे गरिज्जीमवर नाब्लुसजवळ, अर्धे तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये. दर वर्षी वल्हांडणाला ते गरिज्जीमवर कोकरांचं बलिदान करतात आणि आपल्या जुन्या लिपीतली पाच पुस्तकं वाचतात.

लूकनं स्वतः हा विषय इथे सोडला नाही. दाखल्याच्या फक्त एक अध्याय आधी त्यानं सांगितलंय की येशू यरुशलेमकडे निघाला असताना एका शोमरोनी गावानं त्याला उतरू दिलं नाही. कारण सरळ होतं: तो त्यांच्या प्रतिस्पर्धी मंदिराच्या गावाला चालला होता. तेव्हा याकोब आणि योहान या शिष्यांनी विचारलं की आकाशातून आग पाडून हे गाव भस्म करून टाकावं का? येशूनं त्यांना दटावलं आणि ते दुसऱ्या गावाला गेले. लूकच्या दुसऱ्या पुस्तकात, प्रेषितांची कृत्ये यात, येशूच्या मृत्यूनंतर फिलिप्प शोमरोनात जाऊन उपदेश करतो आणि तिथले लोक तो स्वीकारतात. यरुशलेमच्या मंडळीला ते कळल्यावर ती दोन माणसं तिकडे पाठवते. एक पेत्र, आणि दुसरा तोच योहान. दोघं शोमरोन्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि परतीच्या वाटेवर एकेका शोमरोनी गावात थांबत, उपदेश करत यरुशलेमला येतात.